साताऱ्याच्या टॅक्सीला इलेक्ट्रिक गाडी परवडते का? हिशोब किलोमीटरचा, हप्त्याचा आणि बॅटरीचा

प्रश्न: काका, साताऱ्यात माझ्या दोन पेट्रोल गाड्या आहेत. पुणे विमानतळ, महाबळेश्वर, कासची भाडी आणि एमआयडीसीतल्या एका कंपनीचं रोजचं काम आहे. गाडीमागे महिन्याला 3500 किमी होतात. एक गाडी बदलायची आहे. पेट्रोल सेडान रस्त्यावर 8 लाखांना पडते, 30 युनिट बॅटरीची इलेक्ट्रिक 13 लाखांना. शोरूमवाला म्हणतो तीन वर्षांत जास्तीचे 5 लाख वसूल. स्टँडवरचे म्हणतात बॅटरी गेली की 5 लाखांचा फटका. खरं काय धरायचं?

उत्तर:

दोघांचं अर्धं अर्धं खरं आहे. तुमच्या आजच्या 3500 किलोमीटरवर ही गाडी मी घेऊ देणार नाही. पण तुमच्याकडे दोन गाड्या आहेत आणि घरी चार्जिंगची सोय होणार असेल, तर कामाची वाटणी बदलून हाच व्यवहार बसतो. मी चोवीस वर्षं या धंद्यात आहे. पाच गाड्या आहेत, त्यातल्या दोन इलेक्ट्रिक. खालचे आकडे माझ्या वहीतले आहेत. तुमचे थोडे इकडेतिकडे होतील, पण रीत तीच राहील.

आधी नुसतं इंधन बघू. पेट्रोल 105 रुपये धरा. एसी चालू, चार माणसं आणि डिकी भरलेली असताना सेडान खरा अ‍ॅव्हरेज 18 चा देते. कंपनीच्या कागदावरचा 24-26 चा आकडा टॅक्सीवाल्याच्या कामाचा नाही. म्हणजे किलोमीटरला 5 रुपये 80 पैसे गेले. इलेक्ट्रिक गाडी महामार्गावर 80 च्या आत चालवली, आणि टॅक्सीला स्पीड गव्हर्नर असल्यामुळे ती तशीच चालते, तर स्क्रीनवर किलोमीटरला 0.13 ते 0.135 युनिट दाखवते. पण मीटरवर बिल येतं 0.15 युनिटचं, कारण चार्जिंग होताना दहा-बारा टक्के वीज उष्णतेत जाते. शोरूमच्या हिशोबात ही गळती कधीच नसते. घरी युनिट 10 रुपयांना पडलं तर किलोमीटरला दीड रुपया. बाहेर फास्ट चार्जरवर जीएसटी धरून 22 रुपये पडले तर 3 रुपये 30 पैसे. सत्तर टक्के चार्जिंग घरी आणि तीस टक्के बाहेर धरलं तर सरासरी दोन रुपये पाच पैसे येते. ऑइल, फिल्टर, क्लच नसल्यामुळे देखभालीत आणखी वीसेक पैसे वाचतात. जास्त वाचायला हवेत, पण ही गाडी जड असते आणि उचल जोराची, त्यामुळे टायर लवकर जातात आणि वाचलेल्यातला काही भाग तिकडे खपतो. सगळं मिळून किलोमीटरला चार रुपयांची बचत धरा.

3500 किलोमीटरला चौदा हजार झाले. शोरूमवाला इथेच थांबतो: चौदा हजार गुणिले छत्तीस, 5 लाख वसूल. पण ते 5 लाख तुम्ही घरातून काढून देणार नाही, कर्ज काढणार. साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर फक्त या जास्तीच्या 5 लाखांचा हप्ता 10,750 बसतो. गाडीची किंमत जास्त म्हणून विमाही वर्षाला बाराएक हजारांनी जास्त, म्हणजे महिन्याला हजार. चौदा हजारांतून 11,750 गेले, हातात सव्वादोन हजार उरले. आणि बॅटरीसाठी अजून एक पैसाही बाजूला ठेवलेला नाही.

बॅटरीचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण माणसं एकतर त्याला घाबरून बसतात किंवा त्याच्याकडे बघतच नाहीत. जाहिरातीत बॅटरीची वॉरंटी सहसा 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर अशी असते, आणि यातलं जे आधी संपेल ते खरं. घरगुती गाडीवाला महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर फिरतो, त्याला 8 वर्षं मिळतात. तुम्ही 3500 फिरवलीत तर 1 लाख 60 हजार पावणेचार वर्षांत संपतात. 4800 फिरवलीत तर 33 महिन्यांत. कर्ज मात्र 60 महिन्यांचं. म्हणजे शेवटची सव्वादोन वर्षं हप्ताही तुम्ही भरताय आणि बॅटरीची जोखीमही तुमच्या डोक्यावर. टॅक्सीवाल्याचा खरा धोका या मधल्या पट्ट्यात आहे, आणि गाडी घेताना तो कुणी कागदावर मांडून दाखवत नाही.

त्यात आणखी एक गाठ आहे. वॉरंटी पुस्तिकेत व्यावसायिक नोंदणीसाठी, म्हणजे हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या गाडीसाठी, वेगळी ओळ असू शकते. माझ्या पहिल्या इलेक्ट्रिक गाडीच्या वेळी मी जाहिरातीतला आकडा धरून सही केली. पुस्तिका हातात आली ती पासिंग झाल्यावर, आणि टॅक्सीसाठी मुदत कमी असल्याचं तेव्हा कळलं. भांडून काही उपयोग झाला नाही, छापील ते छापील. तुम्ही बुकिंगचे पैसे भरायच्या आधी पुस्तिकेतलं ते पान मागा. क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली की बॅटरी बदलून मिळते तेही बघा. बऱ्याच कंपन्या 70 टक्के धरतात. खालून दगड लागून बॅटरीचा डबा चेपला तर तो वॉरंटीत येत नाही. त्यासाठी विम्यात बॅटरीचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. कासच्या बाजूला आणि खेड्यातल्या गतिरोधकांवर चार माणसं घेऊन गाडी घासते ती इथेच.

आता बाजूला किती ठेवायचे? मी किलोमीटरला एक रुपया ठेवतो. 5 लाखांची बॅटरी तीन लाख किलोमीटरला बदलावीच लागेल असं धरलं तर पावणेदोन रुपये ठेवायला हवेत. पण पहिल्या टप्प्यात बिघाड झाला तर कंपनी बघते, आणि पुढे जे बिघाड होतात त्यात बऱ्याचदा एखादं मॉड्यूल, एखादा सेन्सर किंवा रिले गेलेला असतो, अख्खी बॅटरी नाही. हल्ली बऱ्याच गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल असतात. ते दोन-तीन हजार पूर्ण आवर्तनं सहज काढतात. एका चार्जला दोनशेच्या आसपास किलोमीटर गेले तरी कागदावर चार लाखांच्या पुढचा आकडा येतो. प्रत्यक्षात उन्हाळा, फास्ट चार्जिंग आणि वय यांनी तो कमी होतो. म्हणून शून्यही नको आणि पावणेदोनही नको. हा रुपया वेगळ्या खात्यात जायला हवा. माझा पेट्रोल-विजेचा हिशोब सांभाळणारा पुतण्या दर सोमवारी गाडीचं मीटर बघून तेवढी रक्कम तिकडे टाकतो. गल्ल्यात राहिलेला रुपया दिवाळीला संपतो.

आता पुन्हा मांडा. चार रुपये बचत, त्यातून एक रुपया बॅटरीला, राहिले तीन. महिन्याचा जास्तीचा बोजा 11,750. त्याला तीनने भागलं की 3,900 येतात. म्हणजे महिन्याला सुमारे चार हजार किलोमीटर ही तुमची रेघ. 3500 वर तुम्ही दर महिन्याला बाराशे-साडेबाराशेने खाली आहात. पाच वर्षांत बॅटरी टिकली तर खात्यातले 2 लाख 10 हजार आणि 75 हजारांची तूट यांचा मेळ घालून सव्वा-दीड लाख सुटतात. पण बॅटरी बदलावी लागली तर साडेतीन लाखांच्या वर अंगावर येतात. अशी पैज मी लावणार नाही.

पण प्रत्येक गाडीने 3500 च फिरायला हवं असं कुठे लिहिलंय? दोन्ही मिळून तुमचं काम 7000 किलोमीटरचं आहे. कंपनीचं रोजचं काम, पुणे विमानतळ, महाबळेश्वर आणि कास इलेक्ट्रिककडे द्या, आणि गोवा, शिर्डी, कोकण, लग्नाची दूरची भाडी पेट्रोलकडे. इलेक्ट्रिकला 4800 आणि पेट्रोलला 2200 असं वाटप झालं की तीन रुपयांप्रमाणे 14,400 होतात, बोजा वजा जाता 2,650 उरतात. पाच वर्षांनी बॅटरी ठीक असली तर हेच एक लाख एकोणसाठ हजार आणि राखीव खात्यातले 2 लाख 88 हजार, म्हणजे साडेचार लाखांच्या जवळ. आणि नेमकी तेव्हाच बॅटरी बदलावी लागली तर सगळं जाऊन वर पन्नासेक हजार खिशातून, पण हातात नव्या बॅटरीची, कर्ज फिटलेली गाडी. गाडी तीच, किंमत तीच, फक्त 1300 किलोमीटर एका गाडीवरून दुसरीवर सरकवले.

4800 म्हणजे सव्वीस दिवस धरले तर रोज 185 किलोमीटर. हे जमतं का? 30 युनिटच्या बॅटरीतले मी 80 टक्केच वापरायचे धरतो, म्हणजे 24 युनिट, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर. पुण्याला जाऊन-येऊन सव्वादोनशेच्या वर होतात, विमानतळ धरला तर अडीचशेच्या घरात. एका चार्जमध्ये ते होणार नाही. परतीच्या भाड्याची वाट बघताना पुण्यात चाळीस-पन्नास मिनिटं फास्ट चार्जरला लावावीच लागते. तसाही ड्रायव्हर तिथे तास-दोन तास थांबतो, तोच वेळ वापरायचा. पण जिथे सोडलं की लगेच दुसरं भाडं उचलायचं असतं, तिथे ही गाडी पाठवू नका.

महाबळेश्वरची भीती मात्र काढून टाका. साताऱ्याहून मेढ्यावरून जाताना सहाशे मीटरच्या आसपास चढ आहे. माझ्या गाडीला चार माणसांसह वर जायला 11 युनिट लागतात आणि उतरायला 5, कारण घाट उतरताना मोटर वीज परत बॅटरीत भरते. जाऊन-येऊन 16 युनिट, म्हणजे अर्धी बॅटरी. फक्त एक चूक ड्रायव्हर करतात: रात्री वर हॉटेलात 100 टक्के चार्ज करतात आणि सकाळी तशीच गाडी खाली सोडतात. भरलेल्या बॅटरीत परत वीज जायला जागा नसते, त्यामुळे सुरुवातीचे काही किलोमीटर मोटरचा रोध मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पाय सोडला की गाडी आपोआप हळू होईल अशी सवय झालेल्या माणसाचा केळघर घाटात तिथेच अंदाज चुकतो. वर 85-90 टक्क्यांवर चार्जिंग थांबवा.

बॅटरी खरोखर उतरलीय की नुसती आकड्यांची गडबड आहे हे ओळखता आलं पाहिजे, नाहीतर सर्व्हिस सेंटरवर सांगतील ते ऐकावं लागतं. मागच्या वर्षी माझा ड्रायव्हर पुण्याहून परत येत होता. शिरवळला 24 टक्के होते. खंबाटकी चढायला लागला तेव्हा 18, आणि अर्ध्या घाटात एकदम 7. भाड्यात म्हातारी बाई होती, पाठीमागे ट्रकची रांग. त्याने एसी बंद केला, कडेने हळूहळू माथा गाठला आणि उतारावर पुन्हा 10 पर्यंत आला, म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरवर गाडी नेली तर बॅटरी कमजोर झाल्याचं तोंडी सांगून टाकलं. मी चार्जिंगच्या नोंदी काढल्या. दोन महिने ती गाडी बाहेरच फास्ट चार्जरवर 80 टक्क्यांपर्यंत भरली जात होती, घरी एकदाही पूर्ण नाही. या आयर्न फॉस्फेटच्या सेलचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो. त्यामुळे किती वीज उरली हे गाडीच्या यंत्रणेला नुसत्या व्होल्टेजवरून कळत नाही, आणि अधूनमधून पूर्ण 100 टक्के संथ चार्ज मिळाला नाही तर तिचा अंदाज भरकटतो. सेलही एकमेकांच्या बरोबरीला येत नाहीत. दोन रात्री घरी पूर्ण चार्ज केली आणि आकडे जागेवर आले. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: आठवड्यातून एकदा रात्रभर संथ चार्ज, 100 होईपर्यंत, आणि 100 झाल्यावरही तासभर तशीच लावून ठेवायची.

खरी क्षमता मोजायची रीत सोपी आहे. घरून 100 टक्क्यांवर निघा, ट्रिप मीटर शून्य करा, 20 टक्के होईपर्यंत मध्ये न भरता चालवा. समजा 160 किलोमीटर झाले आणि स्क्रीनवर सरासरी 0.135 युनिट दाखवतेय. गुणाकार 21.6 युनिट. हे 80 टक्क्यांत गेले, म्हणजे पूर्ण बॅटरी 27 युनिटची. गाडी नवी असताना हीच मोजणी 28.5 आली असेल तर 95 टक्के शिल्लक आहे. दर तीन महिन्यांनी त्याच रस्त्यावर करा आणि वहीत तारखेसह लिहा. वॉरंटीची मुदत संपायच्या सहा महिने आधी आकडा 75 च्या खाली जाताना दिसला तर तेव्हाच कंपनीकडून लेखी तपासणी मागा, मुदत संपल्यावर नाही. सातत्याने लिहिलेली वही असली की समोरचा माणूस तोंडी उत्तरावर भागवू शकत नाही.

घरचं चार्जिंग हा सगळ्या हिशोबाचा पाया आहे. ते नसेल आणि शंभर टक्के बाहेर फास्ट चार्जरवर अवलंबून राहणार असाल तर बचत चार रुपयांवरून पावणेतीनवर येते आणि रेघ सहा हजार सातशे किलोमीटरच्या पुढे जाते, मग विषय तिथेच सोडा. 4800 किलोमीटरला महिन्याला सव्वासातशे युनिट लागतात, त्यातले पाचशे घरचे. हे घरगुती मीटरवर टाकलं तर वरच्या टप्प्याचा दर लागतो आणि दहा रुपयांचा हिशोब कोसळतो. महावितरणकडे चार्जिंगच्या वर्गवारीतलं स्वतंत्र मीटर मागा. साध्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर रिकामी गाडी भरायला नऊ-दहा तास जातात, म्हणून रात्री उशिरा येऊन पहाटे निघणाऱ्या गाडीला 7 किलोवॅटचा चार्जर लागतो आणि त्यासाठी मंजूर भार वाढवावा लागतो. आणि अर्थिंग नवीन करून घ्या. जुन्या वाड्यांत आणि चाळीत अर्थिंग नावालाच असतं, आणि ते कच्चं असलं की ही गाडी चार्जिंगच घेत नाही. आमच्याकडे पहिल्या रात्री हेच झालं. सकाळी सहाचं विमानतळाचं भाडं दुसऱ्याला द्यावं लागलं.

सरकारी सवलतींचं थोडक्यात सांगतो. 2018 पासून बॅटरीवरच्या टॅक्सीला परमिट लागत नाही. इलेक्ट्रिकवर जीएसटी 5 टक्के आहे, पण सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे दोघींच्या किमतीतलं अंतर पुन्हा वाढलं. जुन्या व्हिडिओतले किमतीचे आकडे धरू नका. राज्याच्या 2025 च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे, पण तुमचं रोजचं काम आनेवाडी आणि खेड-शिवापूरचं. ते टोल भरायचे असं धरूनच चला.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट राहिली, आणि ती लपवली तर उत्तर अर्धवट होईल. पेट्रोलऐवजी सीएनजी सेडान घेतली तर? ती साधारण 9 लाखांना पडते. 24 चा अ‍ॅव्हरेज आणि 92 रुपये किलो धरला तर किलोमीटरला 3 रुपये 80 पैसे. तिच्याशी तुलना केली तर इलेक्ट्रिकची बचत दोन रुपयांवर येते, त्यातला एक बॅटरीला गेला की एकच उरतो, आणि जास्तीच्या 4 लाखांचा हप्ता-विमा मिळून 9,400. म्हणजे महिन्याला नऊ हजार चारशे किलोमीटर फिरवले तरच बरोबरी. या दराने सीएनजी नुसत्या आकड्यावर जिंकते. तिची अडचण डिकीची आहे. टाकी बसली की विमानतळाच्या दोन मोठ्या बॅगा आत बसत नाहीत, आणि तुमच्याकडे विमानतळाचं काम आहे. पंपावरच्या रांगेत जाणारा वेळ वेगळाच. कंपनीच्या कामावर सीएनजी आणि विमानतळावर इलेक्ट्रिक अशी जोडी काहींना जास्त बसते.

म्हणून पुढच्या महिन्यात गाडी बुक करू नका. एक कोरी वही घ्या आणि दोन्ही गाड्यांच्या प्रत्येक फेरीचे किलोमीटर, कुठे किती वेळ थांबलो आणि डिकीत किती बॅगा होत्या एवढंच लिहा. महिन्याने त्या वहीतून पावणेदोनशेच्या आतल्या किंवा मध्ये तासभर थांबा असलेल्या फेऱ्या वेगळ्या काढून बेरीज करा. ती साडेचार हजारांच्या वर गेली तर वॉरंटीचं पान आणि महावितरणचा अर्ज घेऊन शोरूमला जा. चार हजारांच्या खाली राहिली तर सीएनजीचं कोटेशन मागवा.